एक्सेलमध्ये स्टॉक रजिस्टर: महिना बदलला की आरंभीची शिल्लक आपोआप कशी आणायची?

द्राक्षपेटी

नमस्कार मंडळी. पिंपळगाव बसवंतजवळ आमचं द्राक्षाचं छोटं पॅकहाऊस आहे. पॅकिंग मटेरियलचा हिशोब माझ्याकडे असतो: पनेट, पेट्या, ग्रेप गार्ड, लायनर, पॅलेटच्या पट्ट्या, असे मिळून चौदा प्रकार. आतापर्यंत लांब वहीत लिहीत होतो. जानेवारीपासून एक्सेलवर आणलंय.

सध्या एकच शीट आहे. तारीख, मालाचं नाव, आवक, जावक आणि शिल्लक असे रकाने. शिल्लकेला वरच्या ओळीची शिल्लक अधिक आवक उणे जावक असा फॉर्म्युला लावलाय. पण चौदा माल एकाखाली एक येतात, म्हणून प्रत्येक मालासाठी वेगळी शीट करावी लागते की काय असं वाटतंय. शिवाय मालकांना दर महिन्याला एका पानावर पाहिजे: आरंभीची शिल्लक, आवक, जावक, अखेरची शिल्लक. ते मी सध्या कॅल्क्युलेटरवर काढून टाइप करतो. सीझन ऐन भरात आहे, रोज गाड्या भरतात, हे फार दिवस चालणार नाही. साधा मार्ग सांगा. पॅकहाऊसच्या लॅपटॉपवर एक्सेल 2010 आहे.

गंगापूर_रोड

सोपं आहे. दर महिन्याला एक शीट करा. Dec, Jan, Feb अशी नावं द्या. चौदा माल चौदा ओळींत. जानेवारीच्या आरंभीच्या शिल्लकेत डिसेंबरची अखेर जोडून टाका:

```
=Dec!G5
```

आणि खाली ओढा. पुढच्या महिन्याला शीटची कॉपी करायची आणि Dec च्या जागी Jan करायचं. आमच्या मेडिकलच्या गोदामात मी असंच करतो, काही अडत नाही.

जिल्हा_परिषद_शाळा

मलाही हाच प्रश्न होता, बरं झालं धागा निघाला. आमच्याकडे पोषण आहाराच्या तांदळाची नोंदवही आहे. रोजची आरंभीची शिल्लक, आलेला तांदूळ, खर्च, अखेरची शिल्लक. पहिली ते पाचवीला प्रत्येकी 100 ग्रॅम आणि सहावी ते आठवीला 150 ग्रॅम धरून हजेरीवरून खर्च काढते. फॉर्म्युला बरोबर आहे, पण तांदूळ संपला त्या दिवशी शिल्लक शून्य यायच्या ऐवजी `-1.4E-14` असं काहीतरी आलं. केंद्रप्रमुख बघतील तर काय सांगू? हे काय आहे कुणी सांगेल का?

स्टोअर_अंबड

दोघांचे प्रश्न वेगवेगळे आहेत. ताईंचा छोटा आहे, तो आधी.

ताई, तुमचा फॉर्म्युला चुकलेला नाही. 0.1, 0.15 असे दशांश संगणकाला आत नेमके साठवता येत नाहीत. रोजची बेरीज-वजाबाकी होता होता शेवटी अगदी नगण्य शेपूट उरतं. शिल्लकेच्या फॉर्म्युल्याला ROUND लावा म्हणजे ग्रॅमपर्यंतच हिशोब राहील:

```
=ROUND(B3+C3-F3,3)
```

B आरंभीची, C आलेला, F खर्च. खर्चात हजेरी गुणिले 0.1 आणि 0.15. समजा पहिली ते पाचवी 62 आणि सहावी ते आठवी 38 मुलं जेवली, तर 6.2 अधिक 5.7 म्हणजे 11.9 किलो. दुसऱ्या दिवसाची आरंभीची शिल्लक `=G3`. तुमच्याकडे एकच माल आणि रोजची एकच ओळ, तेव्हा वरच्या ओळीवरून खाली येणारी पद्धत तुम्हाला चालते.

द्राक्षपेटी, तुम्हाला मात्र ती चालणार नाही, आणि कारण नीट समजून घ्या. समजा 8 तारखेचं एक चलन 12 तारखेला हातात आलं. तुम्ही मध्ये एक ओळ घातली आणि तिच्यात फॉर्म्युलाही भरला. पण त्या ओळीच्या खालची ओळ अजून जुन्याच वरच्या ओळीची शिल्लक धरून बसलेली असते. घातलेल्या ओळीला वळसा पडतो. एरर येत नाही, सेल लाल होत नाही, शिल्लक गुपचूप चुकते. ओळ उडवली तर निदान `#REF!` दिसतं. ओळ घातली तर काहीच दिसत नाही.

गंगापूर_रोड, तुमच्या पद्धतीत आरंभ टाइप करावा लागत नाही, हे चांगलंच. पण जानेवारीच्या शीटवर नावांनी सॉर्ट करून बघा. पाचव्या ओळीतला माल नवव्या ओळीत गेला की त्याचा फॉर्म्युला `=Dec!G9` होतो, म्हणजे आरंभाला दुसऱ्याच मालाची शिल्लक येते. चौदा मालांचा क्रम वर्षभर जसाच्या तसा राहणार असेल तरच ही पद्धत टिकते.

गंगापूर_रोड

सॉर्ट करून पाहिलं. खरंच तसं होतं. आमच्याकडे क्रम कपाटाप्रमाणे ठरलेला आहे म्हणून आजवर दिसलं नाही. पण मग दर महिन्याचं पान काढायचं कसं?

स्टोअर_अंबड

महिन्याचं पान हिशोबाचं घर नाही, हे एकदा ठरवलं की बाकी सोपं होतं. वर्षभराच्या सगळ्या नोंदी एकाच शीटवर सलग ठेवायच्या आणि महिन्याचं पान त्यातून फक्त वाचायचं. तीन शीट करा. नावं इंग्रजी अक्षरांत ठेवा, फॉर्म्युल्यात टाइप करायला सोपी जातात.

`Mal` मध्ये A ला कोड, B ला नाव, C ला एकक आणि D ला वर्ष सुरू करताना स्वतः मोजलेली शिल्लक. संपूर्ण फाईलमध्ये हाताने टाइप केलेली शिल्लक फक्त इथेच असेल, एका मालाला एकदाच.

`Nond` मध्ये A तारीख, B कोड, C चलन किंवा स्लिपचा नंबर, D आवक, E जावक. इथे शिल्लकेचा रकाना ठेवूच नका. मग उशिरा आलेलं चलन शेवटी लिहिलं काय अन् मध्ये घातलं काय, फरक पडत नाही.

`Goshwara` मध्ये B1 ला 'पासून' तारीख, B2 ला 'पर्यंत' तारीख. पाचव्या ओळीपासून A मध्ये कोड, B नाव, C एकक आणि D ते G मध्ये तुमचे चार रकाने.

आरंभीची शिल्लक म्हणजे वर्षाच्या सुरुवातीची मोजणी, अधिक 'पासून' तारखेच्या आधीची सगळी आवक, उणे आधीची सगळी जावक. D5 मध्ये:

```
=VLOOKUP($A5,Mal!$A$2:$D$200,4,FALSE)
 +SUMIFS(Nond!$D:$D,Nond!$B:$B,$A5,Nond!$A:$A,"<"&$B$1)
 -SUMIFS(Nond!$E:$E,Nond!$B:$B,$A5,Nond!$A:$A,"<"&$B$1)
```

त्या काळातली आवक E5 मध्ये:

```
=SUMIFS(Nond!$D:$D,Nond!$B:$B,$A5,
 Nond!$A:$A,">="&$B$1,Nond!$A:$A,"<"&$B$2+1)
```

जावक F5 ला हाच फॉर्म्युला, फक्त पहिल्या `Nond!$D:$D` च्या जागी `Nond!$E:$E`. अखेरची शिल्लक G5:

```
=D5+E5-F5
```

मग चारही खाली ओढा. 'पर्यंत' तारखेत 1 मिळवून 'त्यापेक्षा कमी' असं मुद्दाम लिहिलंय. कुणी तारखेबरोबर वेळही टाकली तर 31 तारखेच्या दुपारची नोंद '31 पर्यंत' या अटीतून निसटते.

SUMIFS एक्सेल 2007 पासून आहे, तुमच्या 2010 मध्ये चालेल. XLOOKUP चालणार नाही म्हणून VLOOKUP दिलंय.

फेब्रुवारीचं पान पाहिजे तर B1, B2 बदला. नवी शीट नको, कॉपी नको. मालकांना जुन्या महिन्याचं पान पुन्हा पाहिजे असेल तरी तारखा बदलल्या की ते समोर येतं.

सातपूर_फॅब्रिकेशन

स्टोअर_अंबड यांनी कोड घ्यायला सांगितलंय ते कृपया टाळू नका, नावावर SUMIFS लावू नका. आमच्या वर्कशॉपमध्ये नावावर लावलं होतं. 'फ्लॅट 50*6' ची शिल्लक सारखी जास्त दाखवायची. पुष्कळ दिवसांनी कळलं की SUMIFS मध्ये `*` चा अर्थ 'इथे काहीही चालेल' असा होतो. 50, मग काहीही, मग 6. त्यात 'फ्लॅट 50*16' सुद्धा बसतो. दोन्ही मापांची आवक एकाच ओळीत पडत होती. एक्सेल तक्रार करत नाही.

स्टोअर_अंबड

अगदी नेमकं उदाहरण दिलंत. लोखंडाच्या दुकानात तर मापं अशीच लिहिली जातात. त्यात आणखी एक: कोड नुसते आकडे ठेवू नका. '001' आणि '1' हे SUMIFS ला एकच वाटतात. आधी अक्षर लावा, P01, B01 असं.

द्राक्षपेटी

फार आभारी आहे. सांगितलं तसं रात्री बसून केलं. पनेटला P01 दिलं. तेरा मालांचा जानेवारी गोदामाशी जुळला. पनेट जुळत नाही.

1 जानेवारीला सकाळी मोजलेले 8,400. 3 तारखेला 12,000 आले. 6 ला 6,500 दिले. 13 ला 10,000 आले. 20 ला 9,000 दिले. माझ्या हिशोबाने 31 अखेर 14,900, आणि गोदामात मोजले तर तेवढेच आहेत. गोषवारा मात्र 11,400 दाखवतो. फॉर्म्युला तुमचाच जसाच्या तसा आहे. सगळ्या ओळी Nond मध्ये दिसतात, कोड P01 च आहे.

गंगापूर_रोड

कोडच्या मागे स्पेस पडली असेल. 'P01' आणि मागे स्पेस असलेला 'P01' वेगळे धरले जातात. आमच्याकडे नेहमी हेच निघतं.

स्टोअर_अंबड

स्पेस असू शकते, पण आकडेच काय ते सांगतायत. फरक 3,500 चा आहे. 10,000 उणे 6,500 म्हणजे 3,500. 13 ची आवक आणि 6 ची जावक, दोन्ही जानेवारीतून गायब आहेत, 3 आणि 20 च्या नोंदी मात्र धरल्या गेल्यात. 8,400 अधिक 12,000 उणे 9,000, बरोबर 11,400. दादा, या दोन नोंदी कुणी, कुठल्या संगणकावर केल्या?

द्राक्षपेटी

बरोबर! 6 आणि 13 च्या नोंदी पॅकहाऊसच्या लॅपटॉपवर सुपरवायझरने केल्या. बाकीच्या मी ऑफिसच्या संगणकावर. फाईल पेन ड्राइव्हवरून ने-आण करतो. बाकी माल मीच लिहितो, तो फक्त पनेट लिहितो.

स्टोअर_अंबड

मग लॅपटॉपची विंडोजची Region सेटिंग English (United States) असणार. तिथे आधी महिना, मग दिवस. त्याने 06-01-2025 टाइप केलं, लॅपटॉपने 1 जून 2025 समजून घेतलं. तेरावा महिना नसतो, म्हणून 13-01-2025 ला लॅपटॉपने तारीखच मानलं नाही, साधा मजकूर म्हणून ठेवून दिलं. डोळ्यांना दोन्ही तारखाच दिसतात.

ओळखायचं असं. A रकाना रुंद करा आणि त्याचं डावं-उजवं-मधलं संरेखन काढून टाका. खरी तारीख उजवीकडे चिकटते, मजकूर डावीकडे. 13 ची नोंद डावीकडे गेलेली दिसेल. 6 ची उजवीकडेच राहील, म्हणून रकान्याला `dd-mmm-yyyy` असा फॉरमॅट द्या. 01-Jun-2025 असं उघडं पडेल.

रोज डोळे लावायचे नसतील तर गोषवाऱ्याच्या वर दोन सेल ठेवा. पहिला मजकूर झालेल्या तारखा मोजतो (पहिली ओळ शीर्षकाची म्हणून 1 वजा), दुसरा आजच्या पुढच्या तारखा:

```
=COUNTA(Nond!A:A)-1-COUNT(Nond!A:A)
=COUNTIF(Nond!A:A,">"&TODAY())
```

दोन्ही शून्य असल्याशिवाय मालकांना पान द्यायचं नाही.

एक मर्यादा आहे. ही दुसरी तपासणी पुढे गेलेल्या तारखाच पकडते. तीच जानेवारीची नोंद तुम्ही जूननंतर पाहिली असती तर दोन्ही सेल शून्य दाखवत असते आणि जूनच्या जावकेत 6,500 पनेट उगाच दिसले असते. म्हणून दुरुस्ती आत्ताच करा.

द्राक्षपेटी

तंतोतंत तसंच निघालं. 01-Jun-2025. पहिल्या सेलमध्ये 1, दुसऱ्यात 1. आता लॅपटॉपची सेटिंग English (India) केली तर जुन्या नोंदी आपोआप सुधारतील का?

स्टोअर_अंबड

नाही. सेटिंग पुढच्या टायपिंगला लागू होते. 1 जून म्हणून साठलेली तारीख 1 जूनच राहते. दोनच ओळी असतील तर सरळ पुन्हा टाइप करा. पुष्कळ असतील तर डावीकडे गेलेल्या तारखा निवडून Data मध्ये Text to Columns, शेवटच्या पायरीवर Date आणि DMY. उलटलेल्या तारखांसाठी बाजूच्या रिकाम्या रकान्यात:

```
=DATE(YEAR(A2),DAY(A2),MONTH(A2))
```

मग ती किंमत म्हणून A मध्ये पेस्ट करा. पण हा फॉर्म्युला फक्त लॅपटॉपवर लिहिलेल्या ओळींनाच लावा. सगळ्या रकान्याला लावलात तर तुम्ही 3 जानेवारी म्हणून बरोबर लिहिलेली नोंद 1 मार्चला जाऊन बसेल.

नंतर Nond च्या तारखेच्या रकान्याला Data Validation लावा: Date, between, 1 जानेवारी 2025 ते `=TODAY()`. मजकूर आणि पुढची तारीख दोन्ही अडतील. कोडच्या रकान्याला Mal मधल्या कोडची List लावा, मग गंगापूर_रोड म्हणतात तो स्पेसचा त्रासही संपतो. फक्त व्हॉट्सॲपवरून कॉपी करून पेस्ट केलेली नोंद Data Validation अडवत नाही. सुपरवायझरला हाताने टाइप करायला सांगा.

द्राक्षपेटी

दोन्ही ओळी पुन्हा लिहिल्या. जानेवारी अखेर 14,900. B1 ला 1 फेब्रुवारी टाकल्यावर आरंभीची शिल्लकही 14,900 आली. 2 फेब्रुवारीला 5,000 पनेट दिलेत ती नोंदही लागली, शिल्लक 9,900. मालकांना दाखवलं, ते खूश आहेत.

आता पेट्यांचं विचारतो. पेट्या येतात बंडलने, एका बंडलात 25. देतो आम्ही नगाने, कारण एका पेटीत दहा पनेट असं लाइनवर मोजून देतात. आवक बंडलात लिहू की नगात?

सातपूर_फॅब्रिकेशन

आमच्याकडे आवक टनात आणि जावक मीटरमध्ये, त्यामुळे तुमचं दुखणं ओळखीचं आहे. Mal मध्ये जे एकक लिहिलंय तेच Nond मध्ये, सगळीकडे. जे सगळ्यात लहान एकक वापरता ते धरा. 40 बंडल आले तर आवकेच्या सेलमध्ये `=40*25` लिहा. 1,000 दिसेल आणि बंडल किती होते तेही सेलवर क्लिक केल्यावर कळेल. सेलमध्ये '1000 नग' असं मात्र लिहू नका. तो मजकूर होतो आणि बेरजेत शून्य धरला जातो.

नांदूर_मध्यमेश्वर

मी टॅली वापरतो. एवढं करण्यापेक्षा टॅलीत स्टॉक आयटम करा, जीएसटीही तिथेच होईल. मालाची किंमत कशी धरता? शेवटच्या दराने की सरासरी दराने?

द्राक्षपेटी

किंमत आमचे अकाउंटंट वेगळी बघतात. मला फक्त नग पाहिजेत, गोदामात किती आहे ते.

स्टोअर_अंबड

नांदूर_मध्यमेश्वर, खरेदीची बिलं टॅलीत जात असतील तर तुमचं बरोबर आहे, एकच माल दोनदा लिहू नये. पण यांच्या फाईलीत दर नाहीच, आणि दर घालायचा तर हा गोषवारा पुरत नाही. सरासरी दराला प्रत्येक आवकेनंतर नवा दर काढावा लागतो, तो वेगळा विषय आहे.

जिल्हा_परिषद_शाळा

ROUND लावलं, शून्य आलं. धन्यवाद. अजून एक. महिनाअखेरीला तांदूळ वजन केला तर वहीपेक्षा दोन किलो कमी भरला. मी एक्सेलमध्ये पुढच्या महिन्याची आरंभीची शिल्लकच प्रत्यक्ष वजनाची लिहू का?

स्टोअर_अंबड

ताई, आरंभीच्या शिल्लकेवर हात ठेवू नका. तो फरक कुठे गेला याचा मागच पुसला जातो, आणि मागच्या महिन्याची अखेर व या महिन्याचा आरंभ जुळेनासा होतो. द्राक्षपेटींच्या पद्धतीत मोजणीच्या तारखेची एक स्वतंत्र ओळ जावकेत लिहायची आणि चलन नंबरच्या जागी 'मोजणी फरक' लिहायचं. जास्त भरला तर तीच ओळ आवकेत. तुमच्याकडे शासकीय नोंदवही आहे, तेव्हा घट कोणत्या रकान्यात दाखवायची हे मुख्याध्यापकांना विचारून त्यांच्या सहीनेच करा.

सातपूर_फॅब्रिकेशन

इथे माझं थोडं वेगळं मत आहे. मोजणी फरक जावकेत घातला की मालकांना वाटतं तेवढा माल वापरला गेला. आम्ही F ठेवून 'घट' असा पाचवा रकाना केलाय. अखेर म्हणजे आरंभ, अधिक आवक, उणे जावक, उणे घट. ओल्या झालेल्या पेट्या, फुटलेले पनेट तिथे जातील.

स्टोअर_अंबड

त्यात चूक काही नाही. पण मग D5 मधल्या आरंभीच्या शिल्लकेतही आधीची घट वजा करायला विसरू नका, नाहीतर पहिला महिना जुळेल आणि दुसऱ्या महिन्यापासून फरक पडेल. माझं मत असं की रकाना वाढवला की फॉर्म्युला दोन ठिकाणी बदलावा लागतो. चौदा मालांसाठी 'मोजणी फरक' असा शेरा असलेल्या ओळी फिल्टर केल्या तरी मालकांना तेच उत्तर मिळतं.

द्राक्षपेटी

आमच्याकडे पावसाच्या सरीने एकदम दोन-तीन बंडल भिजतात, ते वेगळं दिसलेलं मालकांना आवडेल. मी घटचा रकाना करून बघतो आणि D5 मध्ये तिसरं SUMIFS वजा करतो. मार्चअखेर मोजणी करणार आहोत, जुळलं की नाही ते इथेच लिहीन. तोपर्यंत कुणाला पेन ड्राइव्हऐवजी दोघांनी एकच फाईल लिहायचा सोपा मार्ग माहीत असेल तर सांगा. लॅपटॉपवर नेट कधी असतं, कधी नसतं.

गंगापूर_रोड

नेट नसेल तर एकच करा: लिहिण्याचा हक्क एकाकडे. सुपरवायझरने कागदी स्लिप भरायची, तुम्ही ऑफिसात चढवायची. स्लिपला नंबर छापून घ्या, मध्ये एखादा नंबर राहिला तर लगेच कळतं. मीही आता महिन्याच्या शीट बंद करून तीन शीटवर येतोय, 1 एप्रिलपासून. कपाटं मोजायला माणसं सांगून ठेवलीत.